दोन बोटे, तीन बोटे आणि सोलोवेत्स्की मठाचा वेढा

1657 साली, हिवाळ्याच्या तोंडावर, पांढऱ्या समुद्रातल्या सोलोवेत्स्की बेटावरच्या मठात मॉस्कोहून उपासनेची नवी पुस्तके आली. छापखान्यातून नुकतीच निघालेली, अजून बांधणीही न झालेली. मठाचे प्रमुख इल्या यांनी ती वाचायला कुणाकडे दिली नाहीत. कोठीच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावले. पुढल्या उन्हाळ्यात, जून 1658 मध्ये, त्यांनी सगळ्या भिक्षूंची सभा बोलावली आणि ठराव करून घेतला की नवी पुस्तके स्वीकारायची नाहीत, प्रार्थना जुन्याच पुस्तकांतून चालवायची. पुरोहितांच्या सह्या घेतल्या. त्यांतल्या काहींनी पुढे सांगितले की इल्यांनी सह्या धाकदपटशाने घेतल्या. इतर काहींचे म्हणणे फार साधे होते: आम्ही जुनी पुस्तकेच कशीबशी शिकलो, आता म्हातारपणी नवी कुठून शिकणार?

या कुलूपबंद कोठीपासून जानेवारी 1676 मधल्या कत्तलीपर्यंत अठरा वर्षे गेली. रशियन चर्चमधली फूट, जिला रशियन भाषेत ‘रस्कोल’ म्हणतात, ती समजून घ्यायला मला हे एक प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटते. या विषयावर बोलताना बहुतेक जण बदल आणणारे निकॉन आणि त्यांना विरोध करणारे पुरोहित अव्वाकुम या दोन माणसांच्या भांडणात अडकतात. सोलोवेत्स्कीत मात्र एक अख्खी संस्था दिसते, आणि तिच्यासमोर राज्यसत्ता कोणकोणत्या टप्प्यांनी आली हेही दिसते. (तारखा त्या काळच्या रशियन, म्हणजे ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या पंचांगात त्या दहा दिवसांनी पुढे जातात.)

बदल नेमके काय होते

निकॉन 1652 मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचे सर्वोच्च प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्यांनी मॉस्कोतल्या चर्चना एक लेखी सूचना पाठवली. उपवासाच्या दिवसांत म्हणायच्या एका प्रार्थनेत जमिनीवर डोके टेकवून घालायचे दंडवत कमी करून चारच ठेवा, बाकीच्या वेळी कमरेतून वाका. आणि क्रूसाची खूण दोन नव्हे, तीन बोटांनी करा.

त्यानंतर बदलांची यादी वाढत गेली. ‘आलेलुया’ दोनदा म्हणत, ते तीनदा झाले. प्रभुभोजनाच्या विधीत सात रोट्या लागत, त्या पाच झाल्या. चर्चभोवतीची मिरवणूक सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो तशी जात असे, ती उलट फिरली. येशूच्या नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर वाढले: ‘इसुस’चे ‘इइसुस’ झाले. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या मूळ सूत्रात, पवित्र आत्म्याला ‘सत्य’ म्हणणारा शब्द गेला. त्याच सूत्रातल्या ‘जन्मलेला, पण निर्मिलेला नव्हे’ या अर्थाच्या ओळीतला ‘पण’ही गेला. रशियन भाषेत तो ‘पण’ म्हणजे एकच अक्षर, ‘अ’. त्या एका अक्षरासाठी मरायला तयार आहोत असे जुन्या रीतीचे लोक म्हणत, ते याच ओळीवरून.

या यादीतली एकही गोष्ट आज सिद्धांताची वाटत नाही, म्हणून हे लोक क्षुल्लक गोष्टींवरून भांडले असे म्हणायचा मोह होतो. पण 1551 मध्ये खुद्द मॉस्कोत, झार इव्हान चौथ्याच्या उपस्थितीत भरलेल्या धर्मपरिषदेने दोन बोटांनी खूण न करणाऱ्याला शाप दिला होता. ही परिषद तिच्या निर्णयांच्या शंभर प्रकरणांवरून ‘स्तोग्लाव’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे न करणे पाप होते, तेच आता करणे पाप ठरत होते, आणि दोन्ही वेळा आज्ञा त्याच सिंहासनाच्या साक्षीने निघाली होती. 1656 च्या परिषदेत दोन बोटेवाल्यांवर शाप पडला तेव्हा सामान्य भाविकापुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याला उत्तर नव्हते: मग माझे आजोबा कुठे गेले असतील?

निकॉन यांचा युक्तिवाद असा की ग्रीक हे मूळ, रशियनांनी धर्म त्यांच्याकडून घेतला, नकलकारांच्या हातून चुका शिरल्या, त्या दुरुस्त करायच्या. पण काम ज्या पद्धतीने झाले ती या दाव्याला साजेशी नव्हती. मॉस्कोचे भिक्षू आर्सेनी सुखानोव यांनी ग्रीकांच्या अथोस पर्वतावरच्या मठांतून शेकडो जुनी हस्तलिखिते मॉस्कोत आणली होती. तरी 1655 च्या उपासना-पुस्तकासाठी मुख्य आधार घेतला गेला तो ग्रीक पुस्तकाच्या व्हेनिसमध्ये 1602 साली छापलेल्या आवृत्तीचा. पुढे एकोणिसाव्या शतकात इतिहासकार निकोलाय काप्तेरेव यांनी जुने पुरावे तपासले. त्यांतून दिसले की रशियाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा खुद्द ग्रीकांकडेच दोन बोटांची खूण होती. ग्रीकांची रीत नंतर बदलली, रशियनांनी मूळची जपली. ज्यांना अडाणी ठरवले गेले ते या एका मुद्द्यावर तरी अधिक जुन्या परंपरेत उभे होते.

आणखी एक धागा सोलोवेत्स्कीशी थेट जोडलेला आहे. पुस्तके दुरुस्त करणाऱ्यांत आर्सेनी याच नावाचा दुसरा एक माणूस, एक ग्रीक, होता. तो रोममध्ये शिकलेला, श्रद्धेबद्दल संशय आल्याने 1649 मध्ये याच सोलोवेत्स्की मठात कैदी म्हणून धाडलेला. निकॉननी त्याला 1652 मध्ये तिथून सोडवून आणले आणि पुस्तकांच्या कामावर बसवले. मठातल्या वृद्धांनी हा माणूस नजरकैदेत पाहिला होता. त्याच्या हाताखालून आलेले पुस्तक शुद्ध आहे हे त्यांनी का मानावे?

मठ आणि त्याचे मॉस्कोशी नाते

सोलोवेत्स्की हा कोपऱ्यातला गरीब आश्रम नव्हता. पंधराव्या शतकात साव्वाती, जोसिमा आणि गेर्मान या तिघांनी तो उभा केला. किनाऱ्यावर मिठागरे होती, मासेमारी होती, गावे होती. सोळाव्या शतकाच्या शेवटी स्वीडिश हल्ल्यांच्या भीतीने प्रचंड गोल दगड रचून त्याभोवती तटबंदी बांधली गेली. ते दगड आजही तिथे आहेत आणि फोटोत पाहिले तरी माणसांनी ते कसे चढवले असतील असा प्रश्न पडतो. तटावर नव्वदेक तोफा होत्या, कोठारात काही वर्षे पुरेल एवढे धान्य. हा मठ देशाच्या उत्तर सीमेचा किल्लाही होता, आणि त्या किल्ल्याला शस्त्रे पुरवली होती राज्यानेच.

शिवाय इथे राज्य नकोशी माणसे पाठवत असे. छापखान्याचे माजी प्रमुख प्रिन्स मिखाईल ल्वोव हेही इथेच हद्दपार होते. म्हणजे जुनी पुस्तके ज्यांच्या देखरेखीखाली छापली गेली तेच गृहस्थ भिक्षूंच्या शेजारी राहत होते. गेरासिम फिर्सोव या भिक्षूने बोटांच्या खुणेवर चांगला अभ्यासपूर्ण लेख लिहिला. मठात मोठा ग्रंथसंग्रह होता. या लोकांना वाचता येत नव्हते म्हणून ते हटून बसले, असे म्हणता येत नाही. काहींना येत नव्हते, काहींना मॉस्कोतल्या दुरुस्तीवाल्यांपेक्षा जास्त येत होते.

निकॉन स्वतः या बेटांवर राहिलेले. मठाच्या आंझेर बेटावरच्या आश्रमात त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांशी बिनसल्यावर ते निघून गेले. 1652 मध्ये, पॅट्रिआर्क होण्याच्या अगदी आधी, ते पुन्हा आले ते संत फिलिप यांच्या अस्थी मॉस्कोला न्यायला. फिलिप पूर्वी या मठाचे प्रमुख होते, नंतर मॉस्कोचे मुख्य धर्मगुरू झाले. इव्हान चौथ्याच्या अत्याचारांना त्यांनी उघड विरोध केला आणि 1569 मध्ये त्यांचा गळा दाबून खून झाला. निकॉनसोबत झार अलेक्सेई यांनी मृत फिलिपना उद्देशून एक पत्र पाठवले होते: माझ्या पूर्वजाने केलेल्या पापाची क्षमा कर, परत ये. राजा धर्मावर हात टाकू शकत नाही याची कबुली म्हणूनच मठातले लोक ते पत्र वाचणार. याच अलेक्सेईंनी सोळा वर्षांनी त्याच मठावर शिपाई पाठवले.

तडजोडीची जागा होती

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि तीच बहुधा सांगायची राहते. फूट अटळ नव्हती.

1655 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कांनी निकॉनच्या प्रश्नांना सविस्तर उत्तर पाठवले. त्यात स्पष्ट म्हटले होते की श्रद्धेच्या मुख्य गोष्टींत एकवाक्यता हवी, पण बाहेरच्या रीतींत वेगवेगळ्या चर्चमध्ये फरक असला म्हणून कुणी धर्माबाहेर जात नाही. ज्या ग्रीकांचे अनुकरण करायचे, त्यांचेच हे मत. निकॉननी ते बाजूला ठेवले.

पण पुढे निकॉनही मवाळ झाले. त्यांचे पहिले कडवे विरोधक इव्हान नेरोनोव हद्दपारी भोगून, भिक्षू होऊन परतले आणि त्यांनी चर्चशी समेट केला. तेव्हा निकॉननी त्यांना सांगितले की जुनी आणि नवी दोन्ही पुस्तके चांगली आहेत, ज्यांतून वाटेल त्यांतून उपासना करा. हे 1657 चे, म्हणजे सोलोवेत्स्कीत नवी पुस्तके पोहोचली त्याच सुमाराचे. नेरोनोवना जी मुभा मिळाली तीच मठाला मिळाली असती तर इल्यांच्या कोठीला कुलूप लावायचे कारणच उरले नसते.

1658 मध्ये निकॉन झारशी बिनसून पॅट्रिआर्कपद सोडून निघून गेले, आणि त्यानंतरची आठ वर्षे मॉस्कोत कारभार तसाच लटकत राहिला. सोलोवेत्स्कीत या काळात जुन्या पुस्तकांतून प्रार्थना चालू होती, झारसाठीची प्रार्थनाही चालू होती, आणि कुणाचे काही बिघडले नव्हते. ज्याने बदल आणले तो माणूस गेला, तेव्हा बदलही मुकाट्याने विरतील अशी आशा अनेकांना होती.

झारला मात्र ते नको होते. 1654 मध्ये पेरेयास्लावच्या करारानंतर युक्रेनचा मोठा भाग मॉस्कोच्या छत्राखाली आला होता. तिथली उपासना ग्रीक रीतीच्या जवळची होती. सगळ्या ऑर्थोडॉक्स जगाचा राजा व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या झारला आपल्या प्रजेची बोटे कीव्ह आणि कॉन्स्टँटिनोपलसारखीच जुळलेली हवी होती. म्हणून 1666–67 ची मोठी धर्मपरिषद भरली. तिला अलेक्झांड्रिया आणि अँटिऑकचे पॅट्रिआर्क बोलावले गेले. या परिषदेने डिसेंबर 1666 मध्ये निकॉनना पदच्युत करून साधा भिक्षू म्हणून हद्दपार केले, आणि मे 1667 मध्ये त्यांच्याच पुस्तकांना विरोध करणाऱ्या सर्वांवर शाप उच्चारला. 1551 ची परिषद अडाणीपणाने बोलली असे ठरवून तिचा शाप रद्द केला. माणूस दोषी, त्याचे काम पवित्र. इथून पुढे ही सुधारणा निकॉनची राहिली नाही, झारची झाली. ‘निकॉनची सुधारणा’ हे प्रचलित नाव म्हणूनच मला अर्धे वाटते.

चौकशीपासून तोफांपर्यंत

मठातही सगळे एकदिलाचे नव्हते. इल्यांनंतर आलेले प्रमुख वार्फोलोमेई भिक्षूंना आवडत नव्हते. मॉस्कोत परिषदेला जाऊन त्यांनी नवी रीत मान्य केली तेव्हा ती नावड उघड वैरात बदलली. भिक्षूंना आपल्या पसंतीचा प्रमुख हवा होता: निकानोर, झारच्या आवडत्या साव्वा-स्तोरोझेव्हस्की मठाचे माजी प्रमुख, जे निवृत्त होऊन इथे आले होते. प्रमुख कोण ठरवणार हा प्रश्न बोटांच्या प्रश्नात मिसळला होता. तो वेगळा काढून ‘केवळ श्रद्धेचा लढा’ म्हणणे खरे नाही.

ऑक्टोबर 1666 मध्ये यारोस्लाव्हलच्या मठाचे प्रमुख सेर्गी चौकशीसाठी आले. भिक्षूंनी त्यांना सांगितले की आम्ही झारचे आज्ञाधारक आहोत, पण नवी श्रद्धा घेणार नाही. 1667 मध्ये निकानोर मॉस्कोला बोलावले गेले, दबावाखाली त्यांनी नवी रीत मान्य केली, नव्या ग्रीक पद्धतीची टोपीही घातली. पण प्रमुखपद त्यांना मिळाले नाही, ते योसिफ नावाच्या भिक्षूला मिळाले. सप्टेंबरात सगळे बेटावर पोहोचताच निकानोरनी आपली मान्यता परत घेतली आणि योसिफना मठाने प्रमुख म्हणून स्वीकारलेच नाही.

त्याच महिन्यात मठाने झारला पाचवा अर्ज पाठवला. तो मुख्यतः गेरोंती या भिक्षूच्या लेखणीतून उतरला. त्याचा गाभा एका प्रश्नात आहे: आमची पुस्तके चुकीची असतील तर साव्वाती, जोसिमा आणि फिलिप हे संत कसे, आणि तुमचे स्वतःचे पूर्वज, धर्मनिष्ठ झार, कोणत्या श्रद्धेत मेले? अर्जाच्या शेवटाकडे ते म्हणतात की आमच्याकडे शिकवायला माणसे पाठवू नका, त्यापेक्षा तुमची राजतलवार पाठवा आणि या अस्वस्थ जगण्यातून आम्हाला शांत, शाश्वत जीवनात न्या. हे बंडखोराचे वाक्य नाही. त्यात राजाचा मारण्याचा हक्क मान्य केला आहे, श्रद्धा बदलण्याचा नाकारला आहे.

उत्तर आले ते डिसेंबर 1667 च्या अखेरीस, आणि ते धर्मशास्त्रीय नव्हते. मठाच्या किनाऱ्यावरच्या सर्व मालमत्ता, गावे आणि मिठागरे, जप्त करा. बेटावर धान्य किंवा काहीही जाऊ देऊ नका.

प्रकरण इथे वळले असे मी मानतो. तोवर शिस्तभंग होता, आणि शिस्तभंगाला चर्चकडे स्वतःचे उपाय होते: बहिष्कार, बदली, दुसऱ्या मठात धाडणे. मिठागरे जप्त झाली तेव्हा बाजू बदलली. किनाऱ्यावर काम करणारे शेकडो गडी, कोळी, मिठागरवाले यांची पोटे मठावर होती. त्यांच्यातले अनेक जण आता तटाच्या आत आले. भिक्षूंची सभा आता एकट्या भिक्षूंची उरली नाही. पुढच्या वर्षांत जे जहाल निर्णय झाले त्यांत या बाहेरून आलेल्या माणसांचा वाटा मोठा होता.

22 जून 1668 ला इग्नाती व्होलोखोव शंभरेक स्त्रेल्त्सी, म्हणजे राज्याचे बंदूकधारी शिपाई घेऊन बेटावर उतरले. दरवाजे बंद झाले.

वेढा का लांबला

शंभर शिपाई नव्वद तोफांच्या किल्ल्याचे काय करणार? त्यांना सुरुवातीला हल्ला करायची आज्ञाही नव्हती. नाकेबंदी करून शरण आणायचे होते. त्यात पांढऱ्या समुद्राचे वेळापत्रक आडवे आले. साधारण ऑक्टोबर ते मे समुद्र बर्फाने बंद. दर हिवाळ्यात फौज बेट सोडून किनाऱ्यावरच्या सुम्स्की किल्ल्यात जाऊन राहायची. उन्हाळ्यात ती परत येईपर्यंत मठाने मासे, लाकूड, धान्य भरून घेतलेले असायचे. किनाऱ्यावरचे पोमोर कोळी छुप्या वाटांनी माल पोहोचवत.

व्होलोखोव यांची चारेक वर्षे प्रामुख्याने योसिफ यांच्याशी भांडण्यात गेली. मठाच्या जप्त मालमत्तेचा कारभार कुणी करायचा यावरून दोघे एकमेकांविरुद्ध तक्रारी करत राहिले, आणि एकदा व्होलोखोवनी त्यांची दाढी धरून मारहाण केली. 1672 मध्ये त्यांच्या जागी क्लिमेंती येव्हलेव सातशेवर शिपाई घेऊन आले. त्यांनी तटाबाहेरच्या इमारती, नावा, जाळी जाळली, पण किल्ला काही हलला नाही. त्यांचीही बदली झाली. मॉस्कोने प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे जास्त बळ वापरले, आणि प्रत्येक वेळी ते आतल्या मवाळांना दुबळे करायला पुरेसे होते, किल्ला पाडायला नव्हते.

आतल्या बाजूचे चित्र त्यामुळे बदलत गेले. 1669 मध्ये नवी पुस्तके नष्ट झाली. झारसाठीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यायचे की नाही यावर फाटाफूट सुरू झाली. ज्या गेरोंतींनी पाचवा अर्ज लिहिला, ते झारविरुद्ध शस्त्र उचलायच्या आणि प्रार्थना बंद करायच्या विरोधात होते. पुरोहितांपैकी अनेक त्यांच्या बाजूचे. शेवटी 1674 मध्ये त्यांना कैद करून तटाबाहेर घालवले, आणि ते सरकारी फौजेच्या हाती पडले. मॉस्कोतही ते आपल्या मतापासून हटले नाहीत: जुनी पुस्तके खरी, बंड चूक. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात सुसंगत भूमिका या माणसाची वाटते, आणि त्याला दोन्ही बाजूंनी जागा नव्हती.

पुरोहित गेले तसे मठात पापकबुली, प्रभुभोजन हे विधीच थांबत गेले. ज्या उपासनेच्या रक्षणासाठी दरवाजे लावले, ती उपासना आत होईनाशी झाली. दुसरीकडे वृद्ध निकानोर बुरुजांवर फिरून तोफांना धूप दाखवत. तोफा हॉलंडच्या बनावटीच्या होत्या. पळून आलेल्यांच्या जबानीत त्यांचे शब्द नोंदले आहेत: माझ्या हॉलंडवाल्या आयांनो, आमची भिस्त तुमच्यावर, तुम्हीच आम्हाला राखा.

शेवट

1674 मध्ये इव्हान मेश्चेरिनोव आले. आता तोफा वापरायची मोकळीक होती. त्यांनी तीन बुरुजांखाली भुयारे खणायला घेतली. 1675 च्या हिवाळ्यात, झारच्या सक्त आज्ञेमुळे, फौज पहिल्यांदाच बेट सोडून गेली नाही. वेढ्याचे गणित बदलले ते यामुळे. आत स्कर्व्ही पसरला होता, बाहेरून माल येणे थांबले होते. तरीही डिसेंबर 1675 मधला हल्ला फसला आणि त्यात एक अधिकारी मारला गेला.

नोव्हेंबरात फेओक्तिस्त नावाचा एक भिक्षू तट उतरून फौजेत आला होता. त्याला पांढऱ्या बुरुजाजवळच्या एका इमारतीची खिडकी माहीत होती, जी नुसत्या विटा रचून बंद केलेली होती. 22 जानेवारी 1676 च्या रात्री, बर्फाचे वादळ चालू असताना आणि पहारेकरी झोपायला गेले असताना, पन्नासेक शिपाई त्या खिडकीच्या विटा काढून आत शिरले आणि त्यांनी दरवाजे उघडले. आठ वर्षे तोफांना न पडलेला किल्ला काही तासांत पडला. बरेच जण लढताना मेले. निकानोर आणि इतर नेत्यांना लगेच ठार केले. काही जणांना थंडीत बर्फावर सोडले. वाचले ते थोडे, आणि तेही दूरच्या कैदेत गेले.

याच आठवड्यात मॉस्कोत झार अलेक्सेई आजारी पडले आणि जानेवारी संपता संपता मरण पावले. मठ पडल्याची बातमी तोवर त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, इतके ते अंतर होते. जुन्या रीतीच्या लोकांमध्ये मात्र कथा पसरली की झारला शेवटी पश्चात्ताप झाला, वेढा उठवायचा निरोप निघाला, आणि तो वाटेतच राहिला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वीग नदीकाठच्या जुन्या रीतीच्या वसाहतीत सेम्योन देनिसोव यांनी सोलोवेत्स्कीच्या हुतात्म्यांचा वृत्तांत लिहिला. त्याच्या हस्तलिखित प्रती उत्तर रशियात घरोघर गेल्या.

मेश्चेरिनोव यांच्यावर मठाची संपत्ती लुटल्याचा आरोप आला, त्यांची चौकशी झाली, आणि त्यांना कैद झाली ती त्याच मठात. रिकाम्या झालेल्या मठात दुसऱ्या मठांतून भिक्षू आणून वसवले गेले. ते नव्या पुस्तकांतून प्रार्थना करत.

सत्तेला अपेक्षित परिणाम इथे थांबला असता तर हिशेब सोपा होता. पण वेढ्याच्या काळात मठातून निसटलेले भिक्षू आता किनाऱ्यावर आणि जंगलात फिरत होते, आणि त्यांच्याजवळ लोकांना सांगायला आठ वर्षांची कहाणी होती. त्यांतलेच एक इग्नाती नावाचे भिक्षू. 1682 मध्ये पुस्तोझेर्स्कला अव्वाकुम आणि त्यांच्या तिघा साथीदारांना जाळले गेले; त्या तिघांतले एपिफानी हेही सोलोवेत्स्कीचेच भिक्षू होते. 1685 मध्ये राज्यकारभार चालवणाऱ्या सोफिया यांनी बारा कलमांचा कायदा काढला: जुनी रीत न सोडणाऱ्याला जिवंत जाळायचे, आसरा देणाऱ्यालाही शिक्षा. 1687 मध्ये इग्नाती यांनी ओनेगा सरोवरातला पालेओस्त्रोव मठ ताब्यात घेतला, आणि फौज जवळ आली तेव्हा शेकडो माणसांसह स्वतःला कोंडून आग लावून घेतली. राज्याचा अग्नी येण्याआधी आपणच आपला अग्नी पेटवायचा, ही कल्पना उत्तरेत अशी रुजली.

मग मठ पडल्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1800 मध्ये, झार पाव्हेलच्या काळात मॉस्कोचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, प्लातोन यांनी नियम बनवले. त्यांनुसार जुन्या रीतीचे लोक अधिकृत चर्चमध्ये राहून जुन्या पुस्तकांतून, दोन बोटांनी, प्रार्थना करू शकत होते. पुरोहित मात्र चर्चने नेमलेला हवा. या सोयीला ‘येदिनोवेरिये’, म्हणजे एकश्रद्धा, असे नाव मिळाले. 1667 चा शाप तरीही जागेवर होता. मॉस्कोच्या चर्चने तो अधिकृतपणे मागे घेतला 1971 मध्ये, आणि तेव्हा ठराव असा केला की जुनी आणि नवी रीत दोन्ही सारख्याच तारक आहेत. नेरोनोवना निकॉननी 1657 मध्ये हेच सांगितले होते.